कॉल ऑप्शनची किंमत बायनोमियल ट्रीने कशी काढायची: आधी एक टप्पा, मग दोन

फोंड्याच्या शनिवारच्या वर्गात हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. फळ्यावर शेअरच्या पुढच्या दोन शक्य किमती लिहून होतात न होतात तोच कुणीतरी विचारतं, "मॅडम, भाव वर जायची शक्यता किती धरायची?" यंदा साखळीहून येणाऱ्या एका मुलाने उत्तरही सोबतच दिलं. "सत्तर टक्के धरूया. हा शेअर चढणारच आहे, मी रोज बघतो."

त्याचा अंदाज बरोबरही असेल. पण कॉलची किंमत काढताना तो आकडा लागतच नाही, आणि लावला तर किंमत चुकते. असं का होतं, हे एका टप्प्याच्या उदाहरणात रुपयांनिशी दाखवता येतं. ते पटलं की दोन टप्पे म्हणजे तेच गणित तीनदा करणं. म्हणून या लेखात पहिल्या टप्प्यावर जास्त वेळ घालवते आहे.

उदाहरणाची मांडणी

शेअर आज ५०० रुपयांना आहे. तीन महिन्यांनी त्याची किंमत दोनपैकी एक असेल: ६०० किंवा ४५०. म्हणजे वर गेला तर १.२ पट, खाली आला तर ०.९ पट. या दोन पटींना `u` आणि `d` म्हणतात. बँकेत पैसे ठेवले किंवा बँकेकडून घेतले, तर तीन महिन्यांचं व्याज २ टक्के. म्हणून आजच्या एका रुपयाचे तीन महिन्यांनी १.०२ रुपये होतात. या पटीला `R` म्हणूया. ठेवीचा आणि कर्जाचा दर एकच धरला आहे. तसंच या काळात शेअरवर लाभांश नाही, हेही धरून चालू.

आता कॉल ऑप्शन. हा शेअर तीन महिन्यांनी ५१० रुपयांना विकत घ्यायचा हक्क, सक्ती मात्र नाही. ५१० ही त्याची स्ट्राइक, `K`. हक्क फक्त मुदतीच्या दिवशीच वापरता येतो, म्हणून हा युरोपियन कॉल. नावाचा आणि युरोपचा संबंध शोधू नका. एनएसईवर निफ्टीचे ऑप्शन याच पद्धतीचे आहेत आणि २०११ पासून एकेका शेअरवरचे ऑप्शनही.

शेअर ६०० ला गेला तर हक्क वापरून ५१० ला घेतलेला शेअर ६०० चा असतो, म्हणजे हाती ९० रुपये. ४५० ला आला तर ५१० देऊन कोण घेईल? हक्क सोडून द्यायचा, हाती शून्य. कॉलचं सगळं भवितव्य या दोन आकड्यांत आहे: ९० किंवा ०. प्रश्न एवढाच की अशा कागदाला आज किती रुपये मोजायचे.

संभाव्यता बाजूला ठेवून किंमत

कॉल विकत न घेता तेच ९० किंवा ० आपल्याला घरच्या घरी तयार करता येतील का, ते पाहू. आपल्याकडे साहित्य दोनच: शेअर आणि कर्ज.

शेअरच्या दोन शेवटांमधलं अंतर ६०० − ४५० = १५० रुपये आहे. कॉलच्या दोन शेवटांमधलं अंतर ९० − ० = ९०. म्हणजे कॉल शेअरच्या ९० ÷ १५० = ०.६ इतका हलतो. याला डेल्टा म्हणतात. अपूर्णांक शेअर मिळत नाही, म्हणून १०० कॉलचा हिशेब धरू: १०० कॉलच्या जागी ६० शेअर.

६० शेअर आज घ्यायला ३०,००० रुपये लागतात. भाव खाली गेला तर ते २७,००० चे होतील, आणि त्या वेळी आपल्या हाती शून्य उरायला हवं, कारण कॉलही शून्य देणार आहे. म्हणून तीन महिन्यांनी बरोबर २७,००० फेडावे लागतील इतकं कर्ज आज काढायचं: २७,००० ÷ १.०२ = २६,४७०.५९ रुपये. खिशातून जातात ३०,००० वजा २६,४७०.५९, म्हणजे ३,५२९.४१ रुपये.

आता तीन महिने पुढे जाऊ. भाव ४५० असेल तर शेअर विकून आलेले २७,००० कर्जात जातात, उरतं शून्य. भाव ६०० असेल तर शेअरचे ३६,००० येतात, २७,००० कर्ज फेडून ९,००० उरतात. शंभर कॉलनीही हेच दिलं असतं. दोन्ही वाटांनी पैन् पै तेच मिळतं, म्हणून दोन्हींचा आजचा खर्चही एकच असायला हवा. एका कॉलला ३५.२९ रुपये.

म्हापशाच्या बाजारात शेजारशेजारच्या दोन दुकानांत एकाच प्रतीचा काजू दोन भावांना मिळू लागला, तर एकीकडून घेऊन दुसरीकडे विकणारे लगेच उभे राहतात आणि फरक मिटतो. ३५.२९ या आकड्याला आधार आहे तो याच गोष्टीचा. वरच्या हिशेबात भाव वर जायची शक्यता कुठेही आली नाही, हे पुन्हा एकदा वाचून खात्री करून घ्या.

साखळीच्या मुलाच्या भावाने काय झालं असतं

त्याने ७० टक्के धरून हिशेब केला: ०.७ × ९० = ६३, ते १.०२ ने भागून ६१.७६. या भावाने तो कॉल घ्यायला तयार होता. समजा त्याला कुणी १०० कॉल विकले. विकणाऱ्याला ६,१७६ रुपये मिळतात. त्यातले ३,५२९ घालून, वर सांगितल्याप्रमाणे कर्ज काढून, तो ६० शेअर घेऊन ठेवतो. २,६४७ रुपये आजच खिशात राहतात. मुदतीला शेअर चढला तर मुलाला द्यायचे ९,००० त्या ६० शेअरमधून निघतात. पडला तर द्यायचं काहीच नाही आणि शेअर विकून कर्ज फिटतं. शेअर कुठेही जावो, विकणाऱ्याचे २,६४७ रुपये सुरक्षित.

मुलाचा शेअरबद्दलचा अंदाज खरा ठरला तरी हेच होतं. म्हणजे त्याची चूक अंदाजात नव्हती. शेअर चढणार असं वाटत असेल तर तो ५०० ला शेअर घेऊ शकतो, किंवा ३५.२९ ला कॉल घेऊ शकतो. पण तोच कॉल ६१.७६ ला घेणं म्हणजे त्याच मालाचे जास्त पैसे मोजणं. लोकांची मतं, भीती, आशा या सगळ्यांचा परिणाम ५०० या भावात आधीच उतरलेला आहे. कॉलचा भाव आपण त्या ५०० च्या आधाराने काढतो, म्हणून मतं दुसऱ्यांदा मोजायची नाहीत.

मग जोखीम-तटस्थ संभाव्यता म्हणजे काय?

दर वेळी शेअर आणि कर्जाची जुळणी करत बसणं लांबलचक होतं. तीच जुळणी थोडी बीजगणिताने आवरली की एक सुटसुटीत रूप मिळतं:

```
q = (R - d) / (u - d)
C = (q * Cu + (1 - q) * Cd) / R
```

`Cu` म्हणजे वरच्या शेवटी कॉलचं मूल्य, `Cd` म्हणजे खालच्या. आपल्या आकड्यांत q = (१.०२ − ०.९) ÷ (१.२ − ०.९) = ०.१२ ÷ ०.३ = ०.४. कॉलची किंमत (०.४ × ९० + ०.६ × ०) ÷ १.०२ = ३६ ÷ १.०२ = ३५.२९. शेअर आणि कर्जाने आलेलीच.

`q` शून्य आणि एकच्या मध्ये असतो, `1 - q` शी मिळून एक होतो, म्हणून तो संभाव्यतेसारखा वागतो. पण शेअर वर जायची खरी शक्यता तो सांगत नाही. तो काय सांगतो ते शेअरवरच लावून बघा: ०.४ × ६०० + ०.६ × ४५० = २४० + २७० = ५१०. आणि ५०० रुपये बँकेत ठेवले असते तरी तीन महिन्यांनी ५१० च झाले असते. म्हणजे `q` हे असं वजन आहे की ते लावल्यावर शेअर सरासरीने बँकेइतकाच वाढतो. जोखमीसाठी एक पैसाही जादा न मागणाऱ्या लोकांच्या जगात शेअर असाच वागला असता, म्हणून नाव जोखीम-तटस्थ. आपण त्या जगात राहत नाही. पण शेअर-कर्जाच्या जुळणीमुळे कॉलची किंमत दोन्ही जगांत एकच येते, म्हणून सोप्या जगात हिशेब करायला हरकत नाही.

याच सूत्रातून एक अटही दिसते. `R` हा `d` आणि `u` यांच्या मध्ये असलाच पाहिजे. व्याजाची पट १.२ पेक्षा जास्त असेल तर `q` एकच्या वर जातो. तो आकडा तुम्हाला सांगतो आहे की सर्वांत चांगल्या दिवशीही शेअर बँकेला गाठू शकत नाही. मग शेअर उसना घेऊन विकून पैसे बँकेत टाकले की बिनजोखमीचा नफा. `q` ऋण आला तर उलट: सर्वांत वाईट दिवशीही शेअर बँकेच्या पुढे. तेव्हा `q` आल्याबरोबर आधी तो ० ते १ मध्ये आहे का बघायचा, पुढचं सगळं नंतर.

दोन टप्पे

आता मुदत सहा महिन्यांची करू, तीन-तीन महिन्यांचे दोन टप्पे. `u`, `d` आणि `R` प्रत्येक टप्प्याला तेच, स्ट्राइकही ५१०. वर जाऊन खाली आलं काय किंवा खाली जाऊन वर आलं काय, ५०० × १.२ × ०.९ = ५४० च येतं. त्यामुळे शेवटी चार नाही, तीनच किमती उरतात. फांद्या फुटत जाणारी ही आकृती म्हणजेच बायनोमियल ट्री, आपलं झाड. कंसात मुदतीला कॉल काय देईल ते लिहिलं आहे:

```
              720  (210)
       600
500           540  (30)
       450
              405  (0)
```

शेअरच्या किमती डावीकडून उजवीकडे भरायच्या, कॉलच्या किमती मात्र उजवीकडून डावीकडे. आपल्याला खात्रीने माहीत असतं ते फक्त मुदतीच्या दिवशीचं, म्हणून सुरुवात तिथूनच.

वरच्या गाठीपाशी, म्हणजे शेअर ६०० असताना, पुढे २१० किंवा ३० आहेत. किंमत (०.४ × २१० + ०.६ × ३०) ÷ १.०२ = १०२ ÷ १.०२ = १००. खालच्या गाठीपाशी, शेअर ४५० असताना, पुढे ३० किंवा ०. किंमत १२ ÷ १.०२ = ११.७६. आता आजच्या गाठीला पुढे १०० किंवा ११.७६ आहेत. हा पुन्हा एका टप्प्याचाच प्रश्न झाला: (०.४ × १०० + ०.६ × ११.७६) ÷ १.०२ = ४७.०६ ÷ १.०२ = ४६.१४ रुपये.

पडताळा घ्यायचा असेल तर थेट शेवटावरून या. ७२० ला पोचायची एकच वाट, तिचं वजन ०.४ × ०.४ = ०.१६. ५४० ला दोन वाटा, प्रत्येकीचं ०.२४, मिळून ०.४८. ०.१६ × २१० + ०.४८ × ३० = ३३.६ + १४.४ = ४८. हे दोन टप्प्यांचं व्याज धरून, म्हणजे १.०४०४ ने, भागलं की ४६.१४. दोन्ही रीतींनी तोच आकडा आला नाही तर कुठेतरी बेरीज हुकली आहे.

मग मधल्या गाठी काढायच्याच कशाला, असं वाटेल. त्या लागतात डेल्टासाठी. आज डेल्टा (१०० − ११.७६) ÷ १५० = ०.५९ आहे: १०० कॉल विकलेल्याने साधारण ५९ शेअर जवळ ठेवायचे. तीन महिन्यांनी शेअर ६०० ला गेला तर तिथला डेल्टा (२१० − ३०) ÷ (७२० − ५४०) = १. त्याला कर्ज वाढवून शेअर पूर्ण शंभर करावे लागतात, कारण इथून पुढे कुठेही गेलं तरी हक्क वापरला जाणारच. शेअर ४५० ला आला तर डेल्टा ३० ÷ १३५ = ०.२२, म्हणजे २२ च शेअर ठेवून बाकीचे विकायचे आणि कर्ज कमी करायचं. ४६.१४ हा भाव मधल्या दिवशी ही फेरजुळणी करणाऱ्यालाच टिकवता येतो. आज ५९ शेअर घेऊन सहा महिने स्वस्थ बसणाऱ्याला हा भाव लागू नाही. सुरुवात करणाऱ्यांच्या वह्यांत हीच गोष्ट बहुधा सुटलेली दिसते.

चुका, आणि त्या कशा ओळखायच्या

सर्वांत फसवी चूक व्याजाची. वर्षाचा दर ८ टक्के दिलेला असतो आणि टप्पा तीन महिन्यांचा, तरी हात सरळ १.०८ लिहितो. मग `q` येतो ०.६, आणि एका टप्प्याची किंमत ०.६ × ९० ÷ १.०८ = ५० रुपये. हा आकडा कुठूनही वेडावाकडा दिसत नाही. `q` सुद्धा ० ते १ मध्ये आहे. पकडायचा एकच उपाय: `q` ने शेअरची सरासरी काढा आणि स्वतःला विचारा, ५०० चे तीन महिन्यांत ५४० देणारी बँक आहे का?

दुसरी चूक शून्य विसरण्याची. ४५० − ५१० = −६० तसंच ठेवलं तर ०.४ × ९० − ०.६ × ६० = ०, कॉल फुकट! कारण −६० ठेवल्यावर तो हक्क राहत नाही, ५१० ला घ्यायची सक्ती होते, म्हणजे फॉरवर्ड करार. आणि ५०० च्या शेअरचा तीन महिन्यांचा न्याय्य फॉरवर्ड भाव २ टक्क्यांनी ५१० च आहे, म्हणून त्या कराराची आजची किंमत शून्य. ३५.२९ रुपये आपण देतो ते "नको असेल तर सोडून देईन" एवढं म्हणता येण्यासाठी.

तिसरी गोष्ट चुकीपेक्षा गैरसमजाची. ३५.२९ आणि ४६.१४ यांची तुलना करून "दोन टप्प्यांनी उत्तर अचूक झालं" असं म्हणू नका. पहिला कॉल तीन महिन्यांचा होता, दुसरा सहा महिन्यांचा. हे दोन वेगळे कॉल आहेत. तीन महिन्यांचाच कॉल दोन टप्प्यांत मोडायचा असेल तर प्रत्येक टप्पा दीड महिन्याचा, आणि `u`, `d`, `R` तिन्ही नव्याने घ्यायचे. त्यासाठी कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टीन यांनी १९७९ मध्ये मांडलेली रीत आजही चालते. शेअरची वार्षिक अस्थिरता, म्हणजे वर्षभरात भाव किती वरखाली होतो त्याचं माप, `sigma`, टप्प्याची वर्षातली लांबी `dt`:

```
u = exp(sigma * sqrt(dt))
d = 1 / u
```

अस्थिरता ३० टक्के असेल तर तीन महिन्यांच्या एका टप्प्याला `u` साधारण १.१६ येतो आणि दीड महिन्याच्या टप्प्याला १.११. टप्पे असेच बारीक करत नेले की किंमत ब्लॅक-शोल्सच्या १९७३ च्या सूत्राच्या उत्तराकडे सरकते. आपल्या दोन टप्प्यांच्या झाडाकडून मात्र बाजारभाव पैशात पकडायची अपेक्षा ठेवू नका. तीन महिन्यांनी शेअर ५२० ला असेल तर या झाडात त्याला जागाच नाही, आणि तिथे आपली जुळणी तंतोतंत बसत नाही. दलाली आणि कर हेही हिशेबात नाहीत.

कागदावर जमलं की संगणकावर करून पाहा. मुदतीला कॉल काय देईल त्या आकड्यांची यादी घ्यायची आणि शेजारच्या दोन-दोन किमतींची एक करत डावीकडे यायचं:

```python
S, K, u, d, R, n = 500, 510, 1.2, 0.9, 1.02, 2
q = (R - d) / (u - d)
V = [max(S * u**j * d**(n-j) - K, 0) for j in range(n+1)]
for _ in range(n):
    V = [(q*V[j+1] + (1-q)*V[j]) / R for j in range(len(V)-1)]
print(round(V[0], 2))
```

`n` ला २ दिला की 46.14 यायला हवं, १ दिला की 35.29. हे दोन्ही आल्याशिवाय आकडे बदलू नका.

त्यानंतर हाताने एक करा: सगळं तेच, फक्त स्ट्राइक ५४०. एका टप्प्याला उत्तर २३.५३ आणि दोन टप्प्यांना २७.६८. दुसऱ्या उत्तराच्या जागी २८.२४ आलं तर दोनदा भागायचं ते तुम्ही एकदाच भागलं आहे.